दोन-चार आणि २.४

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी तासगावकडच्या एका गावातून फोन आला. "मावशी, चुडा बसंना झालाय. एक बांगडी मधेच अडकलीय, लवकर या." चुडा आमच्या सांगलीतल्या दुकानातला नव्हता, मोबाइलवरून मागवलेला होता. तरी गेले. जाताना दोन-सहा आणि दोन-आठ अशा दोन्ही मापांच्या हिरव्या बांगड्या पिशवीत टाकल्या.

नवरीच्या उजव्या हातातली बांगडी मुठीच्या हाडांवरून कशीबशी पुढे गेली होती आणि अंगठ्याच्या बुडाशी रुतली होती. आत्याबाई ओढत होत्या. ओढलं की कातडीची वळी बांगडीपुढे गोळा होते, तिथला हात आणखी जाड होतो आणि दुखणं सुरू होतं ते तिथूनच. शिवाय हळदीच्या दिवशी बांगडी वाढली तर काय, ही धास्ती वेगळीच. मी आधी सगळ्यांचे हात बाजूला केले. नवरीला हात डोक्याच्या वर धरून पाच मिनिटं बसवलं, मग गार पाण्यात बुडवायला लावला. सूज थोडी उतरल्यावर साबणाचा फेस लावला आणि आधी करंगळीच्या बाजूची कड हाडावरून माघारी घेतली, मग तर्जनीच्या बाजूची. दोन्ही बाजू एकदम ओढल्या असत्या तर काच तळहातातच फुटली असती.

मग माप घेतलं. "मनगट तर बारीक आहे हो तिचं," आत्याबाई म्हणाल्या. खरं होतं, मनगट जेमतेम पंधरा सेंटिमीटर. पण मनगटाच्या मापावरून बांगडी सैल राहील की घट्ट एवढंच कळतं, चढेल की नाही ते हात सांगतो. अंगठा तळहातात दुमडून करंगळीला टेकवायचा, हात जमेल तेवढा चिंचोळा करायचा आणि मुठीच्या हाडांवरून अंगठ्याच्या बुडासकट टेप फिरवायची. तिचा डावा हात १९ सेंटिमीटर भरला, उजवा १९.४. कामाचा हात बहुतेक थोडा मोठाच निघतो, म्हणून माप त्याचंच धरायचं.

आलेल्या चुड्याच्या बांगडीत पट्टी धरली, तर आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत ५७ मिलिमीटर. म्हणजे दोन-चार. "तू माप कसं कळवलंस?" नवरी म्हणाली, जुनी बांगडी पट्टीनं मोजली, सहा सेंटिमीटर भरली, मोबाइलवर त्याचे इंच केले तर २.३६ आले, म्हणून २.४ निवडलं.

घोळ इथेच झाला. बांगडीचं दोन-चार म्हणजे दशांशातलं २.४ नव्हे. दोन इंच आणि वर इंचाचे सोळापैकी चार भाग, म्हणजे सव्वादोन. दोन-आठ म्हणजे अडीच, दोन-बारा म्हणजे पावणेतीन. रुपयाचे आणे १९५७ साली गेले, पण हा हिशोब रुपया-आण्यासारखाच चालतो. एका मापातून पुढच्या मापात एक सूत वाढतं, जवळजवळ तीन मिलिमीटर. तिची सहा सेंटिमीटरची जुनी बांगडी दोन-सहा होती. दोन-दहाचं तर याहून वाईट होतं. कुणी ते २.१ समजतं आणि दोन-दोनच्याही खालचं माप शोधत बसतं.

दोन-चारचा आतला घेर १८ सेंटिमीटरला थोडा कमी. १९.४ चा हात त्यातून जायचा तर दीड सेंटिमीटर दाबावा लागला असता. अंगठ्याखालचं मांस दाबतं, हाडं दाबत नाहीत. माझा अंदाज अर्ध्या सेंटिमीटरचा. तेवढं साबणावर निघतं, एक सेंटिमीटरच्या वर गेलं की मी बांगडीला हातच लावत नाही. दोन-सहाचा घेर जवळजवळ १९ सेंटिमीटर, म्हणजे काम जमण्यातलं. दोन-आठ सहज चढली असती, पण त्या मनगटावर कोपराकडे घसरत राहिली असती.

भरण्याआधी प्रत्येक बांगडी दुसरीवर हलकेच वाजवून घेतली. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर कुठेतरी चीर असते. सांध्यावरून नखही फिरवलं, कारण तिथली टोचरी कड कातडी सोलते. दोन बाजूला काढल्या.

मग एका वेळी दोनच. चारी बोटं मिटवून बांगडी आधी मुठीच्या हाडांवर नेली, अंगठा आत घेतला. डाव्या हाताने तिच्या अंगठ्याखालचं मांस तळहाताच्या मध्याकडे दाबून धरलं आणि बांगडीपुढची कातडी बोटांकडे मागे सारत राहिले. नवरीला एकच सांगितलं, हात सैल सोड. ताठ केला की अंगठ्याचं हाड बाहेर येतं. काचेची बांगडी किंचित लांबट असतेच, तिची लांब बाजू हाताच्या रुंदीला लावली की हाडावर अडत नाही. उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बांगड्या अडायला लागल्या, तेव्हा हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली, बांगड्या तिच्यावरून सरकवल्या आणि पिशवी बोटांकडून ओढून काढली.

निघताना आत्याबाईंनी विचारलं, काढायच्या कशा? म्हटलं, सकाळी, हात गार असताना, पिशवी घालून. उन्हातून आल्यावर नको.