कळी किती खोल दाबायची?

“May be an image of text.” इन्स्टाग्रामवर एकापाठोपाठ सरकवायच्या चित्रांची पोस्ट म्हणजे कॅरोसेल. उकडीच्या मोदकांच्या अशा कॅरोसेलमधली दुसरी स्लाइड, म्हणजे सगळं साहित्य आणि प्रमाण, फोनने एवढं एकच वाक्य वाचून उरकली. चौथ्या स्लाइडवर मजकुराच्या जोडीला ‘फूड’ हा शब्द आला. बाकी स्लाइडची तऱ्हा तीच. मुंबईच्या एका दृष्टिहीन ताईंनी हे सगळं रेकॉर्ड करून बचत गटाला पाठवलं होतं. सोबत स्वतःच्या आवाजात एक ओळ: “पिठी तुमची मागवली आहे, आता ती किती घ्यायची तेवढं कळवा.”

बचत गट कोकणातला. तांदळाची पिठी, कोकम, आगळ असा माल ते विकतात आणि गणपतीच्या आधीचे दिवस त्यांच्या हंगामाचे. पोस्ट गटातल्या कुणाच्या तरी पुतण्याने बनवून टाकली होती. आम्ही पुण्यातून त्यांचं पॅकेटवरचं लिखाण बघतो, म्हणून गटप्रमुख काकूंचा फोन मला आला. “अगो, त्या बाईंना दिसत नाही, आणि आमच्या पोस्टमध्ये काही ऐकू येत नाही म्हणतात. बघ जरा.”

इन्स्टाग्रामवर फोटोला कुणी वर्णन लिहिलं नाही, तर ॲप आपल्या अंदाजाने एखादी ओळ टाकतं. पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर हीच ओळ वाचतो. टाकलेल्या पोस्टमधलं चित्र नंतर बदलता येत नाही, पण वर्णन बदलता येतं: तीन टिंबं, Edit, मग चित्रावरच Edit alt text. कॅरोसेलमध्ये हे प्रत्येक स्लाइडला वेगळं करावं लागतं. पहिल्या स्लाइडला लिहिलं म्हणजे सगळ्यांना लागू झालं, असं होत नाही. त्यामुळे ठरलं असं: जुन्या पोस्टवर वर्णनं आजच चढवायची, आणि रंग-मांडणी सुधारून दुसरी पोस्ट लगोलग टाकायची.

साहित्याच्या स्लाइडपासून सुरुवात केली. डावीकडे जिन्नस, उजवीकडे प्रमाण, मधे ठिपक्यांची रेघ. डोळा एकेक ओळ आडवी धरतो. चित्रातली अक्षरं ओळखणारं तंत्र, म्हणजे ओसीआर, मात्र पुष्कळदा डावा रकाना संपवून उजव्याला हात घालतो, म्हणजे आधी पिठी-पाणी-मीठ-तूप-खोबरं-गूळ आणि मग वाटी-वाटी-चिमूट-चमचा. वर्णनात हा गोंधळ टाळायचा तर प्रत्येक जिन्नस आणि त्याचं प्रमाण एकाच दमात यायला हवं: ‘तांदळाची पिठी दोन वाट्या, पाणी दोन वाट्या, मीठ चिमूटभर, तूप एक चमचा.’ स्लाइडवर ‘१½’ असं होतं, ते मी ‘दीड वाटी’ केलं. अपूर्णांकाचं ते इवलंसं चिन्ह कुठला आवाज कसा उच्चारेल याचा भरवसा नसतो, आणि अधू नजरेच्या माणसालाही ते धड दिसत नाही.

पहिला मसुदा ताईंना पाठवला. त्यांचं उत्तर माझ्या डोक्यात आलंच नसतं. चित्राचं वर्णन सलग एका दमात ऐकू येतं. गूळ किती हे पुन्हा ऐकायचं, तर पिठीपासून सगळं परत ऐकायचं. “आणि माझे हात नारळाने भरलेले असतात,” त्या म्हणाल्या. मग नव्या पोस्टमध्ये त्या स्लाइडच्या दोन स्लाइड केल्या, एक पारीच्या साहित्याची, एक सारणाच्या. मजकूर तोच, पण परत ऐकायचं ते निम्मं झालं.

खरा वेळ गेला तो कळ्यांच्या स्लाइडवर. चार फोटो चौकोनात बसवलेले, आणि क्रम बाणांनी दाखवलेला: वरून खाली, मग उजवीकडच्या रकान्यात वर आणि पुन्हा खाली. सवयीने कोणीही डावीकडून उजवीकडे वाचेल. तसं वाचलं तर तिसरी पायरी दुसरीच्या आधीच येते! ज्याला दिसतं तोही क्षणभर अडखळेल असा हा क्रम होता. आमच्या डिझायनरने फोटो आडव्या क्रमाने लावले आणि प्रत्येकावर ठळक आकडा टाकला. बाण काढून टाकले. वर्णनातही एक ते चार त्याच क्रमाने.

तिसऱ्या फोटोसाठी मी आधी लिहिलं होतं: ‘तळहातावर पांढरीशुभ्र पारी, तिला सुबक कळ्या काढणारी नाजूक बोटं.’ ताईंनी ऐकलं आणि हसल्या. “पांढरं असू दे, मला पांढरा रंग आठवतो. नाजूकही असू दे. पण बोटं करतायत काय? कळी किती खोल दाबायची?”

फोटो मोठा करून बघितला. अंगठा आणि तर्जनी बाहेरच्या बाजूने कड चिमटीत धरतात, मधलं बोट आतून टेकू देतं, एवढं स्पष्ट होतं. खोली मात्र कळत नव्हती, कारण वाटीच्या आतली बाजू सावलीत होती. काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, वाटीच्या अर्ध्या उंचीपर्यंत, त्याखाली गेलं की बूड पातळ होतं आणि वाफेत फुटतं. दोन कळ्यांत बोटभर अंतर. आता प्रश्न असा, की हे वर्णनात लिहावं का? फोटोत जे नाही ते वर्णनात घुसवलं, तर पाहणाऱ्याला एक कृती आणि ऐकणाऱ्याला दुसरी, असं होतं. म्हणून ‘अर्ध्या उंचीपर्यंत, बोटभर अंतराने’ हे आधी स्लाइडवर छापलं आणि मग वर्णनात घेतलं. शेवटी तिथलं वर्णन असं उतरलं:

‘तीन. कळ्या काढणं. पारीची वाटी डाव्या तळहातावर. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी कड बाहेरून चिमटतात, मधलं बोट आतून आधार देतं. कळी वाटीच्या अर्ध्या उंचीपर्यंत, दोन कळ्यांत बोटभर अंतर.’

‘फोटोमध्ये दिसत आहे की’ अशी सुरुवात नाही, कारण हे चित्र आहे असं स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. गटाचं बोधचिन्ह प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात आहे, ते फक्त मुखपृष्ठाच्या वर्णनात घेतलं. दर वेळी ऐकणाऱ्याला तेच नाव कशाला? कोपऱ्यातली जास्वंदीची नक्षी मी कुठेच घेतली नाही. मुखपृष्ठावर मात्र केळीच्या पानावरचे मोदक, वर तुपाची धार आणि केशराची काडी असं सगळं लिहिलं, कारण त्या स्लाइडचं कामच तोंडाला पाणी सुटवण्याचं आहे.

रंगाकडे वळलो. गटाचा केशरी म्हणजे #FF9933, आणि त्यावर पांढरी अक्षरं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक, म्हणजे काँट्रास्ट, मोजणाऱ्या साधनात दोन्ही रंग टाकले तर गुणोत्तर २.१ आलं. वेबच्या सुगम्यतेच्या निकषांप्रमाणे साध्या अक्षरांना किमान ४.५ लागतं, मोठ्या अक्षरांना ३. काकूंना केशरी सोडायचा नव्हता, आणि सोडायची गरजही नव्हती, कारण बदलायचा तो अक्षरांचा रंग. गडद तपकिरी #3E2723 घेतला, तर गुणोत्तर साडेसहाच्या आसपास गेलं. डिझायनरला पांढऱ्याचा मोह सुटेना. शेवटी फोनचा प्रकाश निम्मा करून त्याला गच्चीवर उन्हात उभं केलं आणि जुनी स्लाइड वाचायला सांगितली. ‘खोबरं’वरचा अनुस्वार त्याला दिसला नाही, आणि ‘अर्धा’वरचा रफारही. देवनागरीत हा धोका जास्त, कारण बराचसा अर्थ शिरोरेघेच्या वरच्या बारीकसारीक खुणांत असतो. फिक्या रंगात आणि बारीक वजनाच्या फॉण्टमध्ये आधी त्याच जातात.

वाफेच्या फोटोवर थेट अक्षरं होती, तिथे गुणोत्तर मोजायचं तरी कशाचं? एका अक्षरामागे काळं मोदकपात्र, तर पुढच्यामागे पांढरी वाफ. तिथे खाली गडद तपकिरी पट्टा दिला आणि मजकूर पांढऱ्यात त्यावर नेला. अक्षरंही वाढवली. मंद दृष्टीचा माणूस चिमटीने फोटो मोठा करतो, पण इन्स्टाग्रामवर बोटं उचलली की फोटो पुन्हा मूळ आकारात जातो, मग एका हाताने धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने ढवळायचं. १०८० पिक्सेल रुंदीच्या स्लाइडवर ४० पिक्सेलपेक्षा लहान अक्षर आता आम्ही ठेवत नाही. हा नियम आमचा आमच्यापुरता, कुठल्या मानकातला नव्हे.

एवढं झाल्यावर काकूंनी सहज सांगितलं, की याच कृतीची पीडीएफही पुतण्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवतो. ती मागवली. दिसायला छान, पण त्यातला मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला तर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता चिवडा. छापखान्यात पॅकेटसाठी वापरलेला जुना, युनिकोड नसलेला फॉण्ट तिथे तसाच आला होता. अशा फॉण्टमध्ये आत साठवलेलं अक्षर रोमन असतं, फक्त त्याचा आकार मराठी काढलेला असतो. डोळ्याला मराठी, कानाला कचरा. पीडीएफमधली अक्षरं आत नीट साठवली आहेत का हे बघायला म्हणूनच स्क्रीन रीडरही लागत नाही, कॉपी-पेस्ट पुरतं.

मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप केला. फाइल पॉवरपॉइंटमधली होती, तिथे आणखी एक गंमत निघाली. Alt आणि F10 दाबून Selection Pane उघडला, की स्लाइडवरच्या सगळ्या वस्तूंची यादी दिसते, आणि वाचनाचा क्रम त्या यादीत खालून वर जातो. पुतण्याने शीर्षकं सगळ्यात शेवटी टाकलेली, म्हणून ती यादीत सगळ्यात वर. म्हणजे ऐकणाऱ्याला आधी ‘झाकण ठेवून दहा ते बारा मिनिटं’ आणि शेवटी ‘वाफवणं’. शीर्षकं ओढून तळाशी नेली.

रात्री नवी पोस्ट चढवताना वर्णनांची यादी हाताशी होती, स्लाइड क्रमांकानुसार. साहित्याच्या दोन स्लाइड झाल्याने पुढचे क्रमांक एकाने सरकले होते, आणि पोस्ट टाकणाऱ्याच्या हातात जुनी यादी. सारणाच्या साहित्यावर सारण शिजवण्याचं वर्णन चढलं, तिथून पुढचं सगळं एक घर पुढे. स्क्रीनवर काहीच चुकीचं दिसत नव्हतं. अँड्रॉइड फोनमधला स्क्रीन रीडर, टॉकबॅक, चालू करून, स्क्रीन उलटी टेबलावर ठेवून एकेक स्लाइड ऐकली, तेव्हा सारणाच्या साहित्याच्या जागी गूळ थेट वितळायलाच लागला. आता आम्ही यादीत क्रमांकाऐवजी स्लाइडचं शीर्षक लिहितो.

ताईंनी पोस्ट ऐकून कळवलं की कृती नीट समजते. लगेच पुढचा प्रश्न: त्याच खात्यावर मोदक वळण्याचा जो व्हिडिओ आहे, त्यात नुसतं संगीत का? काकूंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “मग बोलतच वळते की. पण माझी पिठी संपलीय, नवी दळून येऊ दे.”