दोन सह्या आणि एक मेसेज

"मेसेजवर लग्नाचं विचारलंस? तो येईपर्यंत थांबली असतीस की! त्यात मग खास ते काय राहिलं?"

थांबले असते तर त्याची सुट्टी हातची गेली असती. तो तारवटी, मालवाहू जहाजावर थर्ड ऑफिसर. आणि आपल्या गोव्यात लग्नाची नोंदणी दोन सह्यांची. सिव्हिल रजिस्ट्रारकडे आधी पहिली सही, मग हरकतींसाठी मुदत, मग दुसरी सही. त्यात दोन्ही घरांना पटेल असा मुहूर्त आणि त्या मुहूर्ताला मोकळा हॉल. उतरल्यावर विचारलं असतं तर दुसऱ्या सहीच्या वेळी नवरामुलगा पुन्हा समुद्रात. व्हिडिओ कॉल मी आधीच बाद केला होता. भर समुद्रात जहाजाच्या नेटवर चेहरा गोठतो, आवाज मागून येतो, आणि "काय म्हणालीस?" असं तीनदा ऐकून घेण्यासारखा तो प्रश्न नव्हे. लिहिलेलं मात्र जातं.

तयारी तो जायच्या आधीच केली. त्याची बॅग भरताना सोलांच्या पाकिटाखाली एक चिकटवलेला लिफाफा ठेवला आणि बजावलं, मी सांगेन तेव्हाच उघडायचा. मेसेज कितीही सुंदर लिहिला तरी तो काचेवरच वाचायचा. हातात धरायला काहीतरी हवं होतं, आणि ते तिथे आधीच पोचलेलं हवं होतं.

मग वेळ. थर्ड ऑफिसरचा वॉच साधारण आठ ते बारा, सकाळी आणि पुन्हा रात्री. रात्री बारानंतर माणूस जेमतेम अंथरुणापर्यंत पोचतो. दुपारी वॉच सुटला, जेवण झालं की एकच्या सुमारास तो मोकळा आणि जागा. पण ते एक जहाजाच्या घड्याळात. पश्चिमेला जाताना ते घड्याळ टप्प्याटप्प्याने मागे घेतात, म्हणून आदल्या दिवशी सहज विचारल्यासारखं विचारून ठेवलं, आज तुमच्याकडे किती वाजले? दुबईची वेळ चालू होती, म्हणजे आमच्याकडे अडीच. बंदराचा दिवसही टाळला. बंदरात नेट झकास असतं, पण माल चढता-उतरताना त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते.

वेळ लावून आपोआप जाणारा मेसेज मला नको होता. तो जाईल, पण जहाज नेटबाहेर असेल तर संध्याकाळी फॅमिली ग्रुपच्या सुप्रभातांबरोबर एकगठ्ठा पोचेल, आणि तो मेसमध्ये चारचौघांत जेवत असेल. फोनच्या बंद पडद्यावरही पहिली ओळ दिसतेच. म्हणून आधी एक बिनडोक वाटणारा मेसेज टाकला: "केबिनमध्ये एकटा असलास की नुसतं 'हो' लिही." त्यात कोणी डोकावलं तरी हाती काही लागत नाही. 'हो' आलं याचा अर्थ नेट चालू आहे, दार बंद आहे आणि फोन त्याच्या हातात आहे. खरी खुबी मला विचाराल तर या 'हो'मध्ये आहे. पुढचे शब्द त्या मानाने सोपे.

ते शब्द नोट्समध्ये लिहून ठेवले होते, चॅटच्या चौकटीत नाही. एक तर अंगठा घसरतो, दुसरं म्हणजे 'टाइप करत आहे' पाहत तो तिकडे ताटकळतो. फोटो नाही, गाणं नाही, कारण जड काही पाठवलं की नुसतं गोल फिरत राहतं. सगळं एकाच मेसेजमध्ये आणि प्रश्न अगदी शेवटी:

"सोलांच्या खालचा लिफाफा उघड. आत माझा जन्मदाखला आहे, झेरॉक्स. तुझ्यासारखं महिनोन्महिने वाट बघायला लावणारं माणूस मला दुसरं नको. उतरलास की माझ्याबरोबर म्हापशाला पहिली सही करायला येशील?"

तारे-चंद्र घालायचा मोह झाला होता, काढून टाकले. त्याला ओळखणाऱ्या कोणालाही पटेल की दाखल्याने जे झालं ते चंद्राने झालं नसतं.

निळ्या टिका उमटल्या. मग काही नाही. हे होणार हे गृहीत धरून स्वतःला आधीच नियम घालून घेतला होता: गप्प म्हणजे नेट गेलं, नकार नव्हे, दुसरा मेसेज टाकायचा नाही, "वाचलंस का?" तर मुळीच नाही. मागून काही पाठवलं की माणूस आधी त्याचं उत्तर देतो आणि मुख्य प्रश्न वर सरकून जातो. आईने तेवढ्यात नारळ किसायला बसवलं ते बरंच झालं.

उत्तर आलं तेव्हा अर्धा नारळ बाकी होता. "माझा दाखला पेडण्याच्या घरी, देवघराशेजारच्या कपाटात, वरच्या खणात. आईकडे माग. रहिवासी दाखल्याचं काय?"

दुसऱ्या दिवशी मी पेडण्याला गेले. त्याच्या आईने किल्ली काढून दिली आणि मग विचारलं, "पूण कित्याक गो?"