दुबईचं घड्याळ आणि बर्डीवरचे काका

एक दिरहॅम देऊन अब्र्याने, म्हणजे तिथल्या होडीने, खाडी ओलांडली आणि आम्ही देऱ्याच्या बाजारात शिरलो. आदल्या संध्याकाळी मॉलमध्ये अधिकृत विक्रेत्याकडे जे स्विस ऑटोमॅटिक घड्याळ ३,२०० दिरहॅमला पाहिलं होतं, तेच इथल्या एका गल्लीत २,४५० ला मिळत होतं. साडेसातशे दिरहॅम म्हणजे आपले सतरा हजार! साळ्याने मॉलमधूनच घेतलं. मी मनातल्या मनात त्याला हसलो आणि गल्लीतलं मनगटावर चढवलं.

घड्याळ अस्सल होतं, त्याबद्दल आजही तक्रार नाही. पण कंपनीच्या वॉरंटी कार्डावर तारीख आणि विक्रेत्याचा शिक्का या दोन्ही जागा कोऱ्या होत्या. विचारलं, तर दुकानदाराने स्वतःचं छापील कार्ड पुढे केलं, 'दोन वर्षं शॉप वॉरंटी'. ती वापरायची तर घड्याळ घेऊन परत देऱ्यालाच जावं लागणार, हे मला नागपूरला उतरल्यावर सुचलं.

चौदाव्या महिन्यात घड्याळ रात्री काढून ठेवलं की सकाळी बंद सापडू लागलं. सीताबर्डीवरच्या घड्याळदुरुस्तीवाल्या काकांनी चावी पूर्ण भरून ते टेबलावर ठेवून दिलं. अडतीस तास चालायला हवं होतं, चोविसातच थांबलं. मग टायमिंग मशीनवर लावलं. बॅलन्स चाकाचा झोका भरल्या चावीला २७० अंशांच्या वर हवा, इथे १९० च्या आसपास.

"तेल सुकलं जी," काका म्हणाले. "तुम्ही घ्यायच्या आधी किती वर्षं डब्यात पडून होतं, कोणाला माहीत? एका देशातल्या डीलरकडे उरलेला माल दुसऱ्या देशात असाच स्वस्तात निघतो. कार्डावर शिक्का कुठाय?"

शिक्का नव्हता. मुंबईच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने घड्याळ ठेवून घेतलं, पण पैसे देऊन दुरुस्ती करायची या अटीवर. कंपनीची आंतरराष्ट्रीय वॉरंटी अधिकृत विक्रेत्याने भरलेल्या तारखेपासून मोजतात. माझ्या कार्डावर तारीखच नाही, मग मोजणार कुठून? काका स्वतः उघडायला तयार होते, पण एखादा भाग बदलायची वेळ आली तर या कंपनीचे सुटे भाग बाहेरच्या कारागिराला मिळत नाहीत, हे त्यांनी आधीच सांगितलं. पूर्ण सर्व्हिसिंगचे साडेचौदा हजार भरले आणि दोन महिने मोबाइलवर वेळ पाहिली.

त्याच सुमारास साळ्याच्या घड्याळाची चावी घसरायला लागली. त्याच्या कार्डावर तारीख, शिक्का आणि मागच्या झाकणावरचाच सिरियल नंबर. तीन आठवड्यांत फुकट दुरुस्त होऊन आलं.

हिशेबाने मी अजूनही अडीच हजारांनी फायद्यात आहे. हे मी साळ्याला दोनदा सांगून पाहिलं. तो नुसता मनगट वर करून वेळ बघतो.