कुंदा, करदंट आणि ९५ टक्क्यांची भानगड

नमुन्यावरून खऱ्या प्रमाणाच्या अंदाजाचा जो पल्ला काढतात, म्हणजे विश्वास अंतराल, त्याबद्दल आमच्या भागातल्या एम.ए.च्या मुलांसाठी छापलेल्या एका नमुना उत्तरात असं वाक्य आहे: ‘खरे प्रमाण या अंतरालात असण्याची शक्यता ९५ टक्के आहे.’ ते वाचलं की अजूनही माझं डोकं फिरतं. निपाणी, खानापूर, चिकोडीहून येणारी मुलं हेच पाठ करून येतात आणि त्याला पूर्ण गुणही मिळतात. सूत्र, वर्गमूळ, १.९६ ने गुणणं हे सगळं त्यांना जमतं. सगळं अडतं ते या एका वाक्यापाशी.

म्हणून वर्गात खोटा जनमत कौल घेतला. विषय काय घ्यायचा यावर अर्धा तास गेला. मुलांना सीमाप्रश्न हवा होता, पण मग आकड्यांकडे कोण बघणार? शेवटी मिठाईवर ठरलं, बेळगावचा कुंदा आवडतो की गोकाकचा करदंट. खडे बाजारातून एकाच मापाचे पांढरे-लाल मणी आणले आणि डब्यात हजार मोजून भरले. पांढरा म्हणजे कुंदा. पांढऱ्यांची टक्केवारी कागदावर लिहून पाकीट चिकटवलं आणि टेबलावर सगळ्यांसमोर ठेवलं. (राजमा आणि वाटाणा वापरू नका. आकार वेगळा असला की हलवताना मोठे दाणे वर येतात आणि नमुना तिथेच बिघडतो.)

वीस जणांनी प्रत्येकी दोनदा, दर वेळी पन्नास मणी काढले, मोजले आणि परत टाकले. एका मुलीला वीस पांढरे आले, म्हणजे ४० टक्के. ०.४ गुणिले ०.६ भागिले ५०, त्याचं वर्गमूळ ०.०६९, गुणिले १.९६ म्हणजे साधारण १३.६. तिचा पल्ला आला २६.४ ते ५३.६.

“खरा आकडा यात असण्याची शक्यता किती?” मी विचारलं.

“९५ टक्के, सर.”

पाकीट उघडलं. आत ५४.

वर्ग हसला, पण मला हवा होता तो प्रश्न मागच्या बाकावरून आला. “सर, पाकीट उघडायच्या आधी तर ९५ होती ना?”

इथेच सगळं घोडं अडतं, आणि इथे घाई केली की मुलं पुन्हा पाठांतराकडे वळतात. मी त्यालाच विचारलं, पाकिटातला आकडा कधी ठरला? मणी भरले तेव्हा. पल्ल्याची टोकं कधी ठरली? मणी मोजले तेव्हा. मग पाकीट उघडताना नशिबावर सोडलेलं काय उरलं? काहीच नाही. ५४ हा २६.४ आणि ५३.६ यांच्यामध्ये नव्हताच, फक्त आपल्याला ते माहीत नव्हतं. ९५ हा आकडा डब्यात हात घालण्याआधीचा आहे. पुन्हा पुन्हा असे नमुने काढून पल्ले मांडले, तर त्यातले किती खऱ्या आकड्याला गाठतील, एवढंच तो सांगतो. आपल्या अज्ञानालाच टक्केवारी लावायची असेल, तर कोणता आकडा किती संभवनीय वाटतो हे आधी मांडावं लागतं. तो बेझ या गणितज्ञाच्या नावाच्या पद्धतीचा रस्ता, त्याचं गणित निराळं.

मग चाळीसही पल्ले फळ्यावर आडव्या रेघांनी काढले आणि ५४ वर उभी रेघ मारली. तीन रेघा तिला शिवल्या नाहीत. पाकीट उघडण्याआधी या तीन पल्ल्यांच्या अंगावर काही खूण नव्हती, हे मुलांना तेव्हा दिसलं.

चाळीसात दोनच चुकायला हवे होते, तिसरा कसा, अशी कुरकुर झाली. योगायोगाने एखादा जास्त चुकू शकतोच, पण आणखीही एक कारण आहे. पन्नासच्या नमुन्याला हे सोपं सूत्र थोडं कमी पडतं. संगणकावर R या भाषेत हजार वेळा करून पाहा:

```
p <- rbinom(1000, 50, 0.54)/50
e <- 1.96*sqrt(p*(1-p)/50)
mean(p-e <= 0.54 & 0.54 <= p+e)
```

उत्तर साधारण ०.९३-०.९४ च्या आसपास येतं.

‘९५ टक्के लोकांचं मत या पल्ल्यात’ हा गैरसमज डबा दाखवला की मिटतो. प्रत्येक मणी पांढरा किंवा लाल, ‘४० टक्के पांढरा’ मणी कुठून येणार? ‘पुढचा नमुना ९५ टक्के वेळा याच पल्ल्यात पडेल’ हा जास्त चिवट. पुढच्या नमुन्यालाही स्वतःची चूक असते, म्हणून तेवढ्याच आकाराच्या नमुन्यासाठी ते प्रमाण सरासरी ८३ टक्क्यांच्या आसपासच राहतं. आणि गोकाकच्या बसस्टँडवरच चारशे लोकांना विचारलंत, तर पल्ला छान अरुंद येईल, फक्त चुकीच्या जागी.

परीक्षेसाठी मी मुलांना हे वाक्य देतो: ‘या पद्धतीने वारंवार नमुने घेतल्यास सुमारे ९५ टक्के अंतरालांत खरे प्रमाण समाविष्ट असेल.’ तपासणारा ‘९५ टक्के’ आणि ‘खरे प्रमाण’ एवढंच शोधतो. दोन्ही यात आहेत, त्यामुळे गुण कापले जात नाहीत.