आयर्विनला किती फूट?

परदेशातून परत आलं की हॉर्न, धूळ, रांगेत मागून ढकलणारा माणूस यांचाच धक्का बसतो असं सगळे सांगतात. खरं सांगू का, त्याची चार दिवसांत सवय होते. मला जो बसला तो आमच्या फ्रीजपायी.

मी बरीच वर्षं नेदरलँड्सला होतो, आयंडहोव्हनला. त्या देशाची पाव जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे पण तिकडं घरात कुणी पाण्याचा विषय काढत नाही, ते सरकार बघतं. आणि आमचं घर सांगलीत, गावभागात, जिथं जुलै उजाडला की चहाबरोबर पहिला प्रश्न "आयर्विनला किती फूट?" म्हणजे पुलापाशी कृष्णेची पातळी. 40 ला इशारा, 45 ला धोका, एवढं लहान पोरालासुद्धा पाठ.

आल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यातली गोष्ट. पातळी तिशी ओलांडून चढत होती, कोयनेतून विसर्ग वाढवल्याचे मेसेज यायला लागलेले. मी आपला मोबाईलवर आकडे बघून शांतपणे सांगतोय की अजून इशारा पातळीसुद्धा लांब आहे, आत्तापासून कशाला धावपळ. कुणी वाद घातला नाही. ऐकलंच नाही म्हणा ना. दादानं फ्रीज रिकामा करायला घेतला, वहिनीनं धान्याचे डबे वरच्या खोलीत पाठवायला सुरुवात केली, आईनं बँकेची पासबुकं आणि घराची कागदपत्रं दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली, अण्णा मेन स्विचपाशी स्टूल ठेवून आले. शेजारच्या काकूंना मिरजेला कोण सोडणार, गाड्या विश्रामबागला कुणाच्या दारात लावायच्या, सगळं ठरलेलं. एकही वाक्य पूर्ण कुणी बोलत नव्हतं, गरजच नव्हती. मी फ्रीजला हात लावायला गेलो तर दादा म्हणाला, "तू बस की निवांत, तुला धरायचं कुठनं ते ठाऊक नाही." आणि आईनं माझ्या हातात चहा दिला. बशीसकट. आमच्याकडं बशी पाहुण्याला देतात.

ही सगळी कवायत 2019 च्या ऑगस्टनं बसवलेली. तेव्हा पातळी 57 फुटांवर गेली होती आणि मी तिकडं ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून आमच्याच गल्लीतून चाललेल्या बोटीचा व्हिडिओ बघत होतो. मला वाटलेलं की आपल्याला सगळं माहितीये, रोज फोन तर चालू होता. पण फोनवर आई "आम्ही बरे आहोत" एवढंच सांगायची. पाणी ओसरल्यावर चिखल काढताना कोण रडलं, दादा आणि अण्णांचं कशावरून वाजलं आणि नंतर कसं मिटलं, यातलं काहीच फोनवर आलं नाही. आता घरात कुणी नुसतं "तेव्हासारखं नको" म्हणलं की सगळे गप्प होतात आणि मी एकटा इकडंतिकडं बघतो.

आल्फ्रेड शुट्झ नावाच्या समाजशास्त्रज्ञानं 1945 मध्ये घरी परतणाऱ्या माणसावर एक निबंध लिहिलाय. महायुद्धावरून परतणारे सैनिक त्याच्या डोळ्यांसमोर होते, आणि तो स्वतः व्हिएन्ना सोडून अमेरिकेत गेलेला. त्याचं म्हणणं असं की नव्या देशात जाणाऱ्याला माहीत असतं आपण परके आहोत, तो शिकायची तयारी ठेवूनच जातो. परतणाऱ्याला वाटतं आपल्याला सगळं येतंय, फक्त आठवायचंय. पण त्याच्या आठवणीतलं घर तो निघाला त्या दिवशीचं असतं, आणि घरच्यांच्या मनातला तोही तेव्हाचाच. दोन्हीकडं मधली वर्षं गेलेली असतात, पण ती एकत्र गेलेली नसतात. मला हे सांस्कृतिक धक्का वगैरे म्हणण्यापेक्षा जास्त पटतं. तिकडं मी चुकीच्या डब्यात कचरा टाकला तर लोक समजून घ्यायचे, हा बाहेरचा आहे. इथं तोंड तेच, बोली तीच, मग सूट कोण देणार? आणि का द्यावी?

घरच्यांनाही माझी वर्षं माहीत नाहीत म्हणा. मी "तिकडं असं असतं" म्हणून सुरू केलं की दुसऱ्या वाक्याला दादा मोबाईल काढतो. पहिल्यांदा राग यायचा. त्याचा पूर मला जेवढा कळतो तेवढाच माझा तिकडचा पहिला हिवाळा त्याला कळणार, हिशोब सरळ आहे.

त्या वर्षी पाणी 37 वर थांबलं आणि उतरलं. फ्रीज मात्र गणपतीपर्यंत वरच होता, कुणाला खाली आणायची घाई नव्हती, आणि मी थंड पाण्यासाठी जिने चढत राहिलो. पुढच्या जुलैत परत तीच गडबड. मी आकडे वाचून दाखवले नाहीत, नुसता जिन्यापाशी उभा राहिलो. अण्णांनी ओरडून सांगितलं, "खालनं धर, पायाकडनं," मग मी खालनं धरलं. वर पोचेपर्यंत बोट चेमटलं. खाली आलो तर वहिनी किल्ल्या घेऊन उभी, "भाऊजी, दोन्ही गाड्या विश्रामबागला लावून या, आणि येताना भडंग आणा, लाईट गेली की पोरं खायला मागतात."

दुसरी गाडी न्यायला मला तेवढं चालत परत यावं लागणार होतं, ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.