डब्यावरचं झाकण

"भाऊ, पावडर खाऊन तुह्या किडनीवर आलं म्हणते, खरं हाय का? अन् विम्याच्या फॉर्मात त्या पावडरचं लिवाचं का नाही?"

राजेहो, चक्कीवर, बसस्टँडवर, एवढंच काय तेरवीच्या पंगतीतही मला हे विचारून झालंय. आता एकदाच सांगतो.

आपण खारपाणपट्ट्यातले. आपल्याकडं किडनीच्या रक्ततपासणीतला क्रिएटिनिन हा शब्द दहावी नापास माणसालाही येतो. माझ्या मोठ्या काकाजींना आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिसला न्यावं लागत होतं. त्यामुळं 2023 च्या मे महिन्यात माझ्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन 1.60 आलं, बाजूला लाल बाण आणि खाली ईजीएफआर 59, तेव्हा घरात कोणी कोणाला अर्थ विचारला नाही. आईनं त्या रात्री माझ्या ताटात मीठ वाढलं नाही. नुसतं म्हणाली, "तुले बी मशीन लागन का रे, बापू?"

मी तेव्हा 29 चा, वजन 88 किलो. टर्म इन्शुरन्स काढायचा होता. एजंट माझाच आतेभाऊ. फॉर्मात प्रश्न होता, सध्या कुठलं औषध किंवा सप्लिमेंट घेता का? मी जिमच्या त्या पावडरचं, क्रिएटिनचं बोललो. तो म्हणाला, "नाही लिव. लिवलं का फाइल अडकते." मी "नाही" वर खूण केली. त्याच्यावर मी खूप दिवस खापर फोडलं, पण पेन माझ्या हातात होता.

रक्त घ्यायला पोरगा सकाळी घरी येणार होता. आदल्या दिवशीचं सगळं आता उलटं मोजतो तेव्हा हसू येतं. संध्याकाळी जिममध्ये पायांचा दिवस, वजन नेहमीपेक्षा जास्त. तिथून थेट मित्राच्या हळदीला, सावजीचं मटण दोनदा घेतलं. झोपायच्या आधी रोजचा 5 ग्रॅमचा चमचा. मेचं ऊन तुम्हाला माहीत आहेच, आणि "उपाशीपोटी" याचा अर्थ पाणीही नाही असा मी लावला होता. रक्त काढेस्तोवर मी आतून वाळलेला.

क्रिएटिनिन येतं कुठून? स्नायूत क्रिएटिन साठलेलं असतं. त्यातलं रोज साधारण दोन टक्के आपोआप क्रिएटिनिन होऊन रक्तात उतरतं आणि किडनी ते लघवीतून बाहेर टाकते. ज्याचा स्नायू जास्त, त्याचं उत्पादनच जास्त. वरून चमच्यानं क्रिएटिन घातलं की साठा वाढतो, त्यातही थोडी भर पडते. मांस शिजताना त्यातल्या क्रिएटिनचंही क्रिएटिनिन होतं, म्हणून मटणानंतर काही तास आकडा चढलेला राहतो. पाणी कमी पडलं की आणखी. आणि ईजीएफआर म्हणजे किडनी प्रत्यक्ष मोजलेली नसते. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष, एवढ्यावरून सूत्रानं काढलेला तो अंदाज आहे. तुम्ही बारीक आहात की पहिलवान, हे त्या सूत्राला कळत नाही.

हे सगळं मी पहिल्या आठवड्यात मोबाइलवर वाचलं आणि गावभर सांगत सुटलो, "काही नाही बे, मसलचं आहे." तेव्हाच्या त्या माझ्याशी आज माझं भांडण आहे. मसलचं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, तसं असावं अशी त्याची इच्छा होती. खारं पाणी पिऊन वाढलेल्या, घरात डायलिसिसचा पेशंट असलेल्या माणसाला हे असं गृहीत धरता येत नाही.

कंपनीनं प्रस्ताव पुढं ढकलला. मग अकोल्याच्या किडनीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी विचारलं काय काय घेता. मी म्हटलं क्रिएटिन, व्हे प्रोटीन. "आणखी?" काही नाही. "खांदा दुखत नाही का वजन उचलून?" मग सांगावं लागलं, डायक्लोफेनॅक. मेडिकलवाल्याकडून, आठवड्यातून तीन-चार गोळ्या, चार महिने. त्यांनी पेन खाली ठेवला. म्हणाले, "पावडरपेक्षा मला याची जास्त काळजी वाटते. अंगातलं पाणी कमी असताना ही गोळी किडनीचा रक्तपुरवठा आवळते." मी वर्षभर पावडर लपवत होतो आणि जे खरंच सांगायला पाहिजे होतं ते मला औषधच वाटत नव्हतं.

त्यांनी गोळी कायमची आणि क्रिएटिन महिनाभरासाठी बंद केलं, कारण स्नायूतला वाढीव साठा उतरायला तेवढे आठवडे लागतात. तपासणीच्या आधी तीन दिवस जिम नाही, आदल्या दिवशी मटण-कोंबडी नाही, पाणी मात्र नेहमीसारखं. मग चार गोष्टी केल्या. क्रिएटिनिन 1.30 आलं. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर 9, ते 30 च्या आत हवं. जोराच्या व्यायामानं हेही तात्पुरतं वाढतं, म्हणून ती विश्रांती. सोनोग्राफी साफ. आणि सिस्टॅटिन सी, ज्याचा सँपल बाहेर पाठवावा लागला, 0.82. हे प्रथिन अंगातल्या जवळपास सगळ्या पेशी बनवतात, त्यामुळं दंड किती जाड याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. त्यावरून ईजीएफआर 115 च्या आसपास निघाला. थायरॉइडचा त्रास किंवा दम्या-संधिवाताच्या स्टेरॉइडच्या गोळ्या असतील तर मात्र हा आकडाही फसवतो, तेही त्यांनी आधी विचारून घेतलं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, कारण किडनीचा जुना आजार म्हणायला बिघाड तीन महिने टिकलेला दिसावा लागतो. तेव्हाही तेच.

आता फॉर्मचं. दुसऱ्या वेळी मी लिहिलं, "क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज 5 ग्रॅम, ऑगस्ट 2022 पासून. तपासणीसाठी महिनाभर बंद होतं, शेवटचा डोस अमुक तारखेला. व्हे प्रोटीन रोज एक स्कूप. डायक्लोफेनॅक चार महिने, आता बंद. वजनाचा व्यायाम आठवड्यातून पाच दिवस." कंपन्यांची नावं आणि डब्यावरच्या घटकांचा फोटोही लावला. नुसतं "प्रोटीन पावडर" लिहिलं तर तपासणारा काय समजणार? सोबत डॉक्टरांचं पत्र आणि सगळे रिपोर्ट, पहिला 1.60 वालासुद्धा. रक्त घ्यायला आलेल्या पोरालाही हेच सांगितलं आणि त्याच्या कागदावर लिहून घ्यायला लावलं.

भ्यायचं कारण पैशाचं आहे. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे पहिल्या 3 वर्षांत महत्त्वाची माहिती दडवल्याचं निघालं तर कंपनी पॉलिसीवर बोट ठेवू शकते. बोट ठेवायची वेळ येते तेव्हा मी नसतो, आई कागद घेऊन फिरत असते.

आतेभाऊ अजून म्हणतो की पहिल्याच खेपेला महिनाभर पावडर बंद ठेवून रक्त दिलं असतं तर आकडा आलाच नसता, आणि "नाही" लिहिणंही खरं ठरलं असतं. त्याचं गणित मला पूर्ण चूक म्हणता येत नाही. डॉक्टरांनीही तर बंदच करायला लावलं. फरक इतकाच की ते त्यांनी पत्रात लिहिलं. तो फरक पुरेसा आहे का, यावर आमचं एकदा जेवणावरून उठेपर्यंत वाजलं. आणि "पूर्वी कुठला प्रस्ताव नाकारला किंवा पुढं ढकलला गेला का" या प्रश्नापुढं मला आता जन्मभर "हो" लिहायचं आहे. पॉलिसी मिळाली, प्रीमियम थोडा चढवून. कशामुळं चढवला ते कोणी सांगितलं नाही.

चमचा परत सुरू आहे, 3 ग्रॅम. डबा आई कपाशीच्या बियाण्यांच्या पाकिटांमागं ठेवते, पाहुण्यांना दिसू नये म्हणून. आणि माझी रिपोर्टची फाइल तिनं काकाजींच्या फाइलसोबत एकाच कापडी पिशवीत बांधली आहे. दोनदा वेगळी काढली, दोनदा तिनं परत आत टाकली.