नान्ना, बाबा आणि नाना

तेलुगू चित्रपटाचं मराठी डबिंग लिहीत होते. मुलगा बापाला घरी परतायला नकार देतो, तो प्रसंग. पडदाभर मुलाचा चेहरा आणि वाक्य एवढंच : ‘नेनु रानु, नान्ना.’ अर्थ सरळ आहे, ‘मी येणार नाही, बाबा.’ पण मूळ वाक्यात ओठ एकदाही मिटत नाहीत. मराठीत ‘मी’ म्हणताना मिटतात आणि ‘बाबा’त दोनदा मिटतात. प, फ, ब, भ, म ही अक्षरं क्लोजअपमध्ये लपत नाहीत. आवाज उत्तम असला तरी उघड्या तोंडातून ‘बाबा’ ऐकू आलं की प्रेक्षकाला काहीतरी खटकतं.

आवाज बंद करून तो शॉट मी पुन्हापुन्हा पाहिला. वाक्य सुरू होतानाच नट मान हलवतो, म्हणजे नकार तिथेच पडायला हवा. म्हणून ‘येणार नाही’ उलटं केलं : ‘नाही येणार’. कर्ता गाळला, ‘मी’ गेला. ‘नेनु रानु’ची चार अक्षरं, ‘नाही येणार’चेही उच्चारात चारच ठोके. उरला ‘बाबा’. आपल्याकडे कितीतरी घरांत वडिलांना नाना म्हणतात. तो शब्द ‘नान्ना’च्या ओठांवर जवळजवळ तसाच बसतो.

डबिंग दिग्दर्शकांची शंका रास्त होती : हिंदी कानांना नाना म्हणजे आईचे वडील. शिवाय बाधा एका वाक्यापुरती नव्हती. हाक बदलली की नातं बदलतं. तेलुगूत हा मुलगा बापाला ‘नुव्वु’ म्हणतो, म्हणजे ‘तू’. ‘बाबा, तू’ मराठीत सहज चालतं, पण या शेतकरी घरात ‘नाना, तू’ मला उद्धट वाटत होतं. मग ‘नुव्वु वेळ्ळु’, म्हणजे ‘तू जा’, याचं ‘तुम्ही जावा’ केलं. ‘म्ही’ला ओठ मिटतात खरे, पण तिथे कॅमेरा मुलाच्या पाठीमागे होता. तोंड दिसत नसेल तेव्हा फक्त लांबी जुळवायची असते. गावाकडचा ‘जावा’ आला आणि नकारातही अदब राहिली, जी मूळ नटाच्या खाली झुकलेल्या नजरेत होतीच.

नानांची ओळख आधीच्या प्रसंगात करून दिली. आई पाठमोरी असताना तिच्या तोंडी ‘तुझे नाना जेवले नाहीत अजून’ असं घातलं. त्याआधी ध्वनिमुद्रित झालेले ‘बाबा’ मात्र सगळे पुन्हा घ्यावे लागले, दृश्याबाहेरून येणाऱ्या हाकासुद्धा.

एक फरक उरलाच. ‘नान्ना’तल्या जोडाक्षरावर जीभ क्षणभर टेकून राहते, ‘नाना’ लवकर संपतो. आवाज देणाऱ्या कलाकाराने पहिल्या ‘ना’वर किंचित रेंगाळून ती जागा भरली, आणि त्या रेंगाळण्यात मुलाचा हट्ट जरा सैल झाल्यासारखा ऐकू आला. दिग्दर्शकांनी तोच टेक ठेवला.